न छेडलेला गंधार

मैफलीत मी गाणाऱ्यांच्या मागे बसते. हातात तानपुरा, चेहऱ्यावर शक्यतो काहीच नाही. समोरच्यांना वाटतं, हिला काय, चार तारा फिरवायच्या. फिरवायच्या खऱ्या, पण आमचं काम पडदा उघडण्याआधीच झालेलं असतं. हॉलमधला पंखा बंद करायला लावून, कान भोपळ्याशी नेऊन, खुंट्या पिळत बसलेली असते तेव्हा मी स्वर जुळवत असते, आणि ते जुळवणं म्हणजे नेमकं काय याचा विचार करायला मागे बसून भरपूर वेळ मिळतो.

आधी मधल्या दोन तारा घेते. दोन्ही षड्जाच्याच, म्हणूनच त्यांना जोड म्हणतात. संगीताच्या पुस्तकांत मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरायची जुनी पद्धत आहे. पेटीवर तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडतो. एक तार २४०ला आणि दुसरी २४२ला असेल तर कानाला दोन स्वर ऐकू येत नाहीत. एकच स्वर येतो, पण हेलकावे खात. सेकंदाला दोन हेलकावे, कारण कंपनांतला फरक दोनचा. दोन्ही तारांच्या लाटा क्षणभर एकमेकींना साथ देतात आणि क्षणभर एकमेकींना मारतात, म्हणून आवाज फुगतो आणि बसतो. खुंटी किंचित फिरवली की हेलकावे मंदावतात. मग खुंटी सोडून, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीमागचा मणी सरकवायचा. हेलकावा लांबत लांबत जातो आणि नाहीसा होतो. मी स्वर ओळखते असं लोक म्हणतात. खरं तर मी हा हेलकावा संपण्याची वाट बघत असते.

दोन तारा एकाच स्वराच्या असताना हे ठीक आहे. पण शेवटची तार खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची, १२०ची. खर्ज आणि जोड यांच्यात कंपनांचा फरक १२०चा, एवढे हेलकावे कोण मोजणार? तरीही खर्ज जरासा उतरला असेल तर कळतं, कारण तार एकच स्वर देत नाही. १२०ची तार सबंध कंप पावते, त्याच वेळी अर्ध्या-अर्ध्यातही, तिसऱ्या हिश्शातही, चौथ्या हिश्शातही. त्यामुळे १२०बरोबर २४०, ३६०, ४८०, ६००, ७२० अशी सगळी मांदियाळी निघते. कान त्या सगळ्यांना मिळून एक स्वर समजतो, आणि वरची मंडळी कमीजास्त असतील त्याप्रमाणे हा तानपुरा, ही बासरी, हा माणूस असं ओळखतो.

आता जोडाच्या तारेतून काय निघतं? २४०, ४८०, ७२०. यातलं प्रत्येक कंपन खर्जाच्या रांगेत आधीच हजर आहे. जोड नवीन काहीच आणत नाही, असलेल्यालाच उजळवतो. दुप्पट कंपनांचा स्वर आपल्याला तोच स्वर वाटतो त्याचं मोठं कारण हे. गणपतीच्या आरतीत पुरुष खाली गातात, बायका-मुलं एक सप्तक वर, आणि कुणालाही आपण वेगळा स्वर लावलाय असं वाटत नाही. आरतीतल्या बाकीच्या बेसुरेपणाची जबाबदारी सप्तकावर नाही.

खर्ज १२१ झाला तर त्याचं दुसरं कंपन २४२ होतं आणि जोडाच्या २४०शी हेलकावे खाऊ लागतं. म्हणजे खालची तार मी वरच्या मजल्यावर जुळवते. पंचमाचंही तसंच. मंद्र पंचम १८०चा. त्याची रांग १८०, ३६०, ५४०, ७२०. खर्जाची १२०, २४०, ३६०, ४८०, ६००, ७२०. पंचमाचं प्रत्येक दुसरं कंपन खर्जाच्या प्रत्येक तिसऱ्या कंपनावर बसतं. भेटी सप्तकाइतक्या नाहीत, पण भरपूर आहेत, आणि जिथे भेट नाही तिथे शेजारची कंपनं बऱ्यापैकी लांब आहेत, एकमेकांना धक्का लावत नाहीत. पंचम १८१ झाला की ३६२ आणि ३६० भांडायला लागतात आणि सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. १८० आणि १२० हे तीनास दोनचं प्रमाण गोड का लागतं, याचं उत्तर लोक आकड्यांच्या साधेपणात शोधतात. कानाला भागाकार येत नाही. प्रमाण साधं असलं की वरची कंपनं लवकर आणि वारंवार एकमेकांवर पडतात, एवढंच त्याला जाणवतं.

उलट बाजू बघायची तर जोडावर कोमल रिषभ धरून ठेवा. २४० आणि २५६. फरक सोळाचा. सेकंदाला सोळा हेलकावे एकेक करून ऐकू येत नाहीत, त्यांचा खरखरीतपणा होतो. त्यांच्या वर ४८० आणि ५१२ आहेत, तिथे बत्तीस. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८६३मध्ये हाच सिद्धान्त मांडला की स्वरांचं न पटणं म्हणजे ही खरखर, आणि ती सेकंदाला तीस-चाळीस हेलकाव्यांच्या आसपास सर्वांत बोचते. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली, कारण ही मर्यादा सगळ्या पट्टीत सारखी नसते. खाली मंद्रात कान जवळजवळचे स्वर नीट वेगळे करू शकत नाही. पेटीवर मध्य सप्तकात षड्ज-गंधार एकत्र दाबला तर छान वाटतो, तोच अगदी खालच्या पट्ट्यांवर दाबला तर चिखल होतो. प्रमाण तेच, परिणाम वेगळा.

आणि आता ज्यासाठी मी मागे बसते तो भाग. चारही तारा जुळल्या, जवारी खुलली, की खर्ज छेडल्यावर काही वेळानं वरून एक गंधार उमलतो. तानपुऱ्यात गंधाराची तार नाही. पंचम, जोड, जोड, खर्ज एवढंच आहे. पण खर्जाच्या रांगेतलं पाचवं कंपन बघा, ६००. तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, ४८०चा, आणि ४८०च्या सव्वापट ६००. हा शुद्ध गंधार. गवई याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि तो ऐकू आला की तानपुरा लागला असं मानतात. पंचमाच्या रांगेतलं तिसरं कंपन ५४०, म्हणजे तार रिषभ, आणि पाचवं ९००, म्हणजे तार निषाद. हे दोघे गंधाराइतके पुढे येत नाहीत, पण शांत खोलीत सापडतात.

हा गंधार दुसऱ्या तंतुवाद्यांतही असायला हवा, आणि असतोही, पण दबलेला. तानपुऱ्यात तो बाहेर येतो जवारीमुळे. घोडीचा माथा सपाट धारेचा नसतो, हलका उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर घासत, टेकत, सुटत राहते. तिच्याखाली सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज बंद किंवा खुला होतो. मिरजेत हा उतार कानसेनं घासून बसवणारे कारागीर अजूनही आहेत. भोपळे मात्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. या घोडीचं महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना १९२१मध्ये दाखवून दिलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या कंपनाचा स्थिर बिंदू येतो ते कंपन तिच्यातून निघत नाही, असा पाश्चात्त्य ग्रंथांतला नियम होता. आम्ही तर तार साधारण मध्याशी छेडतो. त्या नियमानं तानपुऱ्यातून दुसरं, चौथं, सहावं कंपन गायबच व्हायला हवं. ती निघतात, आणि जोरात निघतात, कारण तारेचं घोडीवरचं घासणं एका कंपनाची ऊर्जा दुसऱ्याकडे नेत राहतं. भौतिकशास्त्राला पेचात टाकणारं वाद्य मांडीवर घेऊन बसते याचा मला थोडा गर्व आहे.

गंधार वर तरंगत असताना शेजारी पेटी सुरू झाली की माझी पंचाईत होते. पेटीचे स्वर कोणत्याही पट्टीतून वाजवता यावेत म्हणून सप्तकाचे बारा सारखे हिस्से केलेले असतात. त्या हिशेबात पंचम ३६०ऐवजी ३५९.६ येतो. तानपुऱ्याच्या ३६०शी त्याचा हेलकावा अडीच सेकंदांत एकदा, कुणाच्या बापाला कळत नाही. गंधार मात्र ३००ऐवजी ३०२.४ येतो. त्याचं दुपटीचं कंपन जवळजवळ ६०५, आणि तानपुऱ्याचा स्वयंभू गंधार ६००. सेकंदाला पाचेक हेलकावे. हे कळतं. पेटीवाले कसबी असतात, ते गंधारावर फार वेळ बोट ठेवत नाहीत, गाणाराही आपला गंधार तानपुऱ्याकडून घेतो, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांकडे असतं.

हा वाद जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०च्या सुमारास गवयांचे स्वर तारेवर मोजून श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांची, कंपनं मांडली. त्या कामात त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत होती. पुढे देवल आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यानं मिळून या श्रुती वाजवणारी खास पेटीही बनवून घेतली. ती फारशी चालली नाही. १९४०मध्ये आकाशवाणीनं तर पेटीला साथीतून बाहेरच काढलं, आणि ती बंदी सैल व्हायला तीस वर्षं गेली. पेटीवर माझा राग नाही. ती गवयाला धरून ठेवते. फक्त यमन असेल तेव्हा मी पेटीपासून जरा लांब बसते.

गोडीचं गणित इथवर पोचतं, पण सगळी गोडी त्यात मावत नाही. बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक पाश्चात्त्य संगीतापासून बरेच दूर आहेत. पटणारे आणि न पटणारे स्वरमेळ त्यांना ऐकवले तर दोन्ही सारखेच बरे वाटले, असं २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. निव्वळ खरखर मात्र त्यांनाही आवडली नाही. म्हणजे हेलकावे कान ऐकतो, त्यांना गोड म्हणायचं की नाही हे थोडंफार घरात शिकवलं जातं. आपल्याकडे तर खरखर वाया घालवत नाहीत. मारव्यात कोमल रिषभावर गवई मुद्दाम रेंगाळतो, षड्जाला टाळत राहतो, आणि संध्याकाळचा सगळा हुरहुरीचा मामला त्या सोळा हेलकाव्यांवर उभा असतो.

त्या रागात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मंद्र निषादाला लावावी लागते. निषाद २२५, जोड २४०, फरक पंधरा. म्हणजे तानपुराच कुरकुरायला लागतो आणि जवळच्या तारेशी जुळवायला काही खूणच उरत नाही. खर्जाच्या रांगेत त्याची भेट थेट पंधराव्या कंपनाशी, इतक्या वर माझा कान पोचत नाही. दोन तानपुरे असले तर मी दुसऱ्याची पहिली तार पंचमालाच राहू देते. त्या पंचमाचं पाचवं कंपन ९००, आणि २२५च्या तारेचं चौथंही ९००. तिथे कान लावायचा, हेलकावा संपवायचा आणि मग त्या दुसऱ्या तानपुऱ्याचा पंचमही निषादावर चढवायचा. एकच तानपुरा असला तर गवयाला म्हणते, निषाद तुम्हीच म्हणून दाखवा.