मोकळा होण्याचा महिना

मे महिन्यातली दुपार. पंखा गरम हवा फिरवत होता, आंब्याची पेटी पलंगाखाली वास मारत होती आणि मी फ्रीजमधून ताक काढायला गेले. फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक चिठ्ठी होती. दुधाचा हिशेब असेल म्हणून वाचली, तर भाच्याच्या अक्षरात एवढंच: ‘सप्टेंबर 2028’. खाली दोन रेघा, जाड.

आमचा हा भाचा नोकरीला लागल्यापासून माझ्याकडेच राहतो. मला आधी वाटलं लग्नाचं काहीतरी ठरवलंय, पण तीन वर्षं आधी लग्नाचा महिना कोण ठरवतं? विचारलं तर म्हणाला, “मावशी, त्या महिन्यात मी मोकळा.” शैक्षणिक कर्जातून मोकळा.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेत खातेवह्या लिहिण्यात गेली. त्यामुळे कुणी कर्ज आणि महिना एका वाक्यात बोललं की माझा हात आपोआप पेन्सिल शोधतो. बरं नाही हे, माहीत आहे. लोक ताक पितात, मी बाकी काढते.

“कसा काढलास महिना?”

“सोपंय. 4 लाख 80 हजार बाकी. महिन्याला 12 हजार भरणार. 40 महिने. पहिला हप्ता येत्या जूनला.”

हा भागाकार मी जन्मभर खिडकीच्या पलीकडून ऐकत आले आहे. शिक्षक करायचे, कंडक्टर करायचे, एकदा तर गणिताचे एक प्राध्यापक करून आले होते. माणूस स्वतःच्या कर्जाचं गणित करायला बसला की व्याज कुठे जातं कुणास ठाऊक.

कर्ज घेतलं तेव्हा 4 लाखच होतं. दोन वर्षांच्या कोर्ससाठी दरवर्षी 2 लाख उचलले. कोर्स चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नव्हता. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नव्हे. ते बाजूला सरळ व्याजाने साठत राहिलं आणि सवलतीची मुदत संपली तेव्हा 1 लाख 20 हजार झालं होतं. त्यातले 40 हजार त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, भिशीतून मधेच भरून टाकले. उरलेले 80 हजार मुद्दलात मिळवले गेले, आणि आता त्या 80 हजारांवरही व्याज. बँकेने पाच वर्षांची मुदत धरून 10 हजार 677 रुपयांचा हप्ता बांधून दिला होता. पोराने स्वतःच्या हिमतीवर तो 12 हजार केला. करण्यासारखंच होतं ते. फक्त भागाकार चुकला.

मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दाखवलं. दर 12 टक्के, म्हणजे महिन्याला 1 टक्का. 4 लाख 80 हजारांवर पहिल्या महिन्याचं व्याज 4,800. तुझ्या 12 हजारांतले 4,800 बँक आधी उचलणार, मुद्दल फिटणार फक्त 7,200. दुसऱ्या महिन्यात व्याज 4,728, मुद्दल 7,272. असं मुंगीच्या पावलांनी मुद्दल खाली येतं. सुरुवातीला इतकं हळू की माणूस निराश होतो, आणि शेवटच्या वर्षात इतकं भराभर की विश्वास बसत नाही.

तो दुसऱ्याच्या तोंडचं गणित मानत नाही. लॅपटॉप उघडला, माझ्याकडून आकडे घेतले आणि तक्त्यात हप्त्यांची संख्या काढणारं सूत्र लिहिलं:

```
=NPER(12%/12,-12000,480000)
```

उत्तर आलं 51.34. म्हणजे 51 पूर्ण हप्ते आणि 52वा उरलेला, सुमारे 4 हजारांचा. सप्टेंबरच, पण 2028 नव्हे, 2029. बरोबर एक वर्ष पुढे. त्याचा चेहरा बघवेना. मी आंबा कापून दिला.

आमच्या लहानपणी कर्जाला महिना नसायचा, दिवाळ्या असायच्या. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. कामगारांच्या सोसायटीचं कर्ज पगारातून परस्पर कापलं जायचं. पगाराच्या चिठ्ठीवर ‘सोसायटी’ असा एक रकाना असे, आणि आम्हा भावंडांना सोसायटी म्हणजे पैसे खाणारं कुणीतरी माणूस वाटे. आई विचारायची, “कधी फिटायचं हो?” वडील म्हणायचे, “अजून दोन दिवाळ्या.” पुढच्या दिवाळीलाही दोनच उरलेल्या असायच्या, कारण मधे आत्याचं लग्न नाहीतर पत्र्यांची दुरुस्ती निघालेली असे.

एका पगाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. थुंकी लावून तिसऱ्यांदा मोजल्या आणि मग मला तिथेच बाकावर बसवून कॅशियरच्या खिडकीशी परत गेले. “साहेब, जास्त आलेत.” कॅशियरने चिठ्ठी वर-खाली पाहिली आणि म्हणाला, “अहो, सोसायटी संपली तुमची.” वडील काही बोलले नाहीत. नोटा आतल्या खिशात ठेवल्या, वर सेफ्टी पिन लावली. हा माणूस ज्या महिन्याची वाट बघत होता, तो महिना त्याला कॅशियरने सांगावा लागला. पुढच्या महिन्यात त्यांनी शिलाई मशीनसाठी नवं कर्ज काढलं, तो भाग वेगळा.

भाच्याचं तसं नाही. त्याला महिना आधी हवा. आंबा खाऊन झाल्यावर तो पुन्हा लॅपटॉपला भिडला आणि डब्याचे, पेट्रोलचे, कसले कसले पैसे जोडून म्हणाला, “14 हजार भरले तर?” उत्तर आलं 42.2, म्हणजे 43 हप्ते. डिसेंबर 2028. दरमहा 2 हजारांनी नऊ महिने खाल्ले, आणि व्याजाचे 25 हजार वाचले ते वेगळेच. चिठ्ठी बदलली. माझा सप्टेंबर खोडून डिसेंबर आला.

इथे मी त्याला एक खिडकीपलीकडची गोष्ट सांगितली. बँक खात्यातून परस्पर ओढणार 10,677 रुपयेच. वरचे पैसे तू स्वतः पाठवणार. ते मुद्दलात जमा झाले की पुढच्या हप्त्याचे आगाऊ म्हणून पडून राहिले, हे बघायला हवं. आगाऊ पडून राहिले तर पुढच्या महिन्याचा हप्ता तेवढा भरल्यासारखा दिसतो आणि तुझा डिसेंबर गुपचूप लांबतो. शाखेत लेखी सांगायचं की जास्तीची रक्कम मुद्दलात वळती करा, आणि दुसऱ्या महिन्यात उतारा काढून बाकी ताडून बघायची. तरत्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, तेव्हा त्यासाठी घाबरायचं कारण नाही.

त्याने ताडून पाहिलीही. आणि चिडून आला. जुलैचा उतारा, पण व्याज त्याच्या तक्त्याशी जुळेना. काही महिन्यांत थोडं जास्त, काही महिन्यांत थोडं कमी असंच ते येत राहणार, कारण बँक महिन्याला सरसकट 1 टक्का धरत नाही, दिवस मोजते. 4 लाख 80 हजारांवर 12 टक्क्यांनी दिवसाचे होतात सुमारे 158 रुपये. 31 दिवसांच्या महिन्यात 4,892, 30 दिवसांच्या महिन्यात 4,734. वर्षाअखेर गोळाबेरीज जवळपास तीच. पण त्या 158 रुपयांनी त्याला जो धसका दिला तो बाकी कशानेच दिला नव्हता. “म्हणजे मी झोपलो तरी?” म्हटलं, हो बाबा, झोपलास तरी. त्यानंतर पगार झाल्याच्या संध्याकाळीच तो पैसे पाठवू लागला. पाच तारखेची वाट बघेना.

मधे 2025च्या 6 जूनला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवला, 6 वरून 5.50. रेपोला बांधलेल्या अशा कर्जांचा दर निदान तीन महिन्यांतून एकदा तरी नव्याने बसवावा लागतो, त्यामुळे याच्यापर्यंत ती कपात पोचायला वेळ लागला. 12 चे साडेअकरा झाले. पुन्हा सूत्र, पुन्हा चिठ्ठी: नोव्हेंबर 2028. अर्धा टक्का म्हणजे साधारण एक महिना, इकडे किंवा तिकडे. दर चढले की हा महिना परत जाणार, हे मी बोलले नाही. त्याला कळतं. आजकाल तो सकाळी पेपरात क्रिकेटच्या आधी पतधोरण वाचतो, आणि दर ‘जैसे थे’ राहिला की तोंड पाडून बसतो. त्याच्या वयात मला असले शौक नव्हते.

शेवटच्या हप्त्याचंही मी त्याच्या डोक्यात घालून ठेवलं आहे. हप्ते संपले म्हणजे कर्ज संपलं असं धरायचं नाही. दिवसांच्या व्याजामुळे दोन-चारशे रुपये कुठेतरी चिकटून राहतात आणि खातं उघडंच राहतं. आमच्याकडे एका सभासदाची 63 रुपयांची बाकी इतकी जुनी झाली होती की नव्या पोरींना ते नाव पाठ होतं. म्हणून ज्या दिवशी भरायचं त्या दिवसाची खातं बंद करण्याची रक्कम शाखेतून लिहून घ्यायची, तेवढी भरायची, आणि ‘नो ड्यूज’ हातात पडल्याशिवाय पेढे वाटायचे नाहीत.

एवढं सगळं झाल्यावर परवा त्याच्या तक्त्यात मला एक नवी ओळ दिसली. बँकेच्या ओळींच्या खाली, वेगळ्या रंगात. ‘आई – 40,000’. व्याजाच्या रकान्यात शून्य. डिसेंबरमध्ये 14, जानेवारीत 14, फेब्रुवारीत 12. म्हणजे चिठ्ठीवरचा नोव्हेंबर त्याने स्वतःच मागे टाकला होता. या एका कर्जात त्याचा तो पहिला भागाकार चालतो, शून्य व्याज असलं की भागायचंच असतं, तेव्हा मला बोलायला जागा नव्हती.

त्याने फोन स्पीकरवर टाकून आईला महिना सांगितला. फेब्रुवारी 2029. बहीण आधी हसली, मग भडकली. म्हणाली, भिशीचे पैसे परत करायचे असतील तर घरी येऊ नकोस, परस्पर बँकेतूनच ये-जा कर. मग पाच मिनिटं दोघं भांडले, आणि भांडता भांडता विषय तिच्या गुडघ्यावर गेला. डॉक्टरांनी काय सांगितलं, किती सांगितले, ती नीट बोलेना. हा कागदावर काहीतरी लिहू लागला.

मी विचारलं, “आता काय काढतोयस?”

“थांब गं,” म्हणाला. “आई, आकडा सांग.”