विरोधी बाजू मांडली, पण खरीच मांडली का?

"मुलं निबंधात 'काहींचं मत वेगळं आहे' असं लिहून लगेच ते खोडून काढतात. हे विरोधकाला न्याय देऊन केलंय की नाही, हे तपासताना कसं ओळखायचं?"

आधी विरोधी बाजूचाच परिच्छेद वाचा, बाकीचा निबंध झाका. ते मत खरोखर मानणारा माणूस तो वाचून "हो, माझं म्हणणं हेच" म्हणेल का? समजा, नववीतल्या मुलाने 'पाचवी-आठवीत नापास करू नये' या बाजूने लिहिलंय: "काही लोकांना उगाचच वाटतं की नापासाची भीती नसेल तर मुलं अभ्यास करत नाहीत. पण भीतीने कोणी शिकत नाही."

'उगाचच' या शब्दाने निकाल आधीच लावून टाकलाय. पण तो खोडला की काम भागतं असं नाही. अनेक शिक्षक भाषा सौम्य झाली की पूर्ण गुण देतात, ते मला पटत नाही. खरी गडबड मुद्द्याच्या निवडीत आहे. भीतीचा मुद्दा विरोधकांचा आहे, पण सर्वांत हलका. त्यांचा वजनदार मुद्दा असा: वाचता न येणारं मूल तसंच पुढे ढकललं, तर ते नववीत अडकतं आणि तिथे त्याच्यासाठी थांबायला कोणाला वेळ नसतो. निबंधात याचा उल्लेखच नाही.

मग वगळलेल्या गोष्टी पाहा. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पाचवी-आठवीत अनुत्तीर्ण झालेल्याला निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते. तीतही अनुत्तीर्ण झाला, तरच राज्याला त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा आहे. "एका परीक्षेत मुलाचं वर्ष वाया" असं लिहिणारा ही फेरपरीक्षा गाळून विरोधकाला आहे त्यापेक्षा कठोर दाखवतो.

आता खंडन. त्यातलं प्रत्येक वाक्य विरोधी परिच्छेदातल्या कोणत्या वाक्याला उत्तर देतं, ते पेन्सिलीने रेघ ओढून जोडा. रेघ कुठेच न पोचणारं वाक्य बहुधा स्वतःच्याच मुद्द्याची पुनरुक्ती असतं. वरच्या निबंधाचं सुधारलेलं रूप असं होईल: "वाचनात मागे पडलेलं मूल पुढे ढकलणं धोक्याचं आहे, हे खरं. पण तोच वर्ग तशाच पद्धतीने पुन्हा शिकवला, तर ती उणीव भरेलच असं नाही. त्याला वर्ष सुरू असतानाच वेगळा वाचनाचा तास हवा." इथे कबुली आहे आणि उत्तरही त्याच चिंतेला आहे.

पाच गुण असतील तर विरोधी मुद्द्याच्या निवडीला आणि प्रामाणिक मांडणीला दोन, नेमक्या उत्तराला दोन, भाषेला एक. विरोधी बाजू सुंदर मांडून खंडनच न करणाऱ्याला उत्तराचे दोन मिळत नाहीत. आणि मुलाचं मत तुमच्याशी जुळत असेल, तर तो निबंध दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या. आपल्याच बाजूचं कच्चं खंडन आपल्याला पक्कं वाटतं.