१२ जीबीच्या ३०६० वर पाथ ट्रेसिंग: कुठे जमतं, कुठे अडतं

सध्या एकच उद्योग चालू आहे. सायबरपंक २०७७ या गेमचा पाथ ट्रेसिंग मोड माझ्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डवर खेळण्याजोगा करायचा. नुसता स्क्रीनशॉटपुरता नाही, तर मिशन सुरू करून संपवता येईल इतका. मशीन साधंच आहे: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, १०८०पीचा मॉनिटर आणि १२ जीबी व्हीरॅमचं ३०६०. तुलनेला मावसभावाचं आरटीएक्स ४०६० मिळालं. ते ८ जीबीचं आहे आणि त्याच्या जुन्या बी४५० बोर्डवर बसवलेलं आहे. हा बोर्ड पुढे महत्त्वाचा ठरतो.

आधी कंपनी काय म्हणते ते बघू. हा मोड एप्रिल २०२३ मध्ये १.६२ पॅचबरोबर आला, तेव्हा सीडी प्रोजेक्ट रेडने ४०७० टीआय आणि त्यावरची कार्डं सांगितली होती. जुन्यांपैकी फक्त ३०९०, तेही १०८०पी आणि ३० एफपीएससाठी. बाकीच्यांना निदान ८ जीबी व्हीरॅम असेल तर फोटो मोडमध्ये पाथ ट्रेसिंग, एवढंच. हे वाचून ३०६० वाल्याने गाशा गुंडाळावा असंच वाटतं. पण मेनूतला पर्याय आपल्यालाही चालू करता येतो, आणि लहान चित्र काढून त्यातून मोठं उभं करणारं डीएलएसएस मधल्या काळात बरंच सुधारलं आहे.

हे काम इतकं जड का, ते थोडक्यात. साध्या रे ट्रेसिंगमध्ये सावल्या, प्रतिबिंबं अशा निवडक गोष्टीच किरणांनी काढतात, बाकीचा प्रकाश जुन्या युक्त्यांनी भागवतात. पाथ ट्रेसिंगमध्ये जवळजवळ सगळाच प्रकाश किरणांतून येतो. सायबरपंकमध्ये मुळात प्रत्येक पिक्सेलमागे दोन किरण आणि प्रत्येकाच्या दोन उसळ्या असा हिशोब आहे. १०८०पीला पिक्सेल होतात २० लाख ७३ हजार. डीएलएसएस परफॉर्मन्सवर टाकलं की गेम आतून ९६०×५४० वर चालतो, म्हणजे ५ लाख १८ हजार पिक्सेल, बरोबर चौथा हिस्सा. किरणांचं काम पिक्सेलच्या मापात असल्यामुळे इथे डीएलएसएसचा फायदा साध्या गेमपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

माझ्याकडचे एफपीएसचे आकडे असे. डीएलएसएसशिवाय दहाच्या आसपास, म्हणजे स्लाइड शो. क्वालिटीवर वीसच्या घरात. परफॉर्मन्सवर मोकळ्या रस्त्यावर तीसच्या थोडं वर, पण काबुकीच्या बाजारात गर्दीत शिरलं की चोवीस-पंचवीस. गर्दीची घनता लो केल्यावर बाजारातही जरा श्वास घेता येतो. स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन, अँबियंट ऑक्लूजन वगैरे कमी करून काही हाती लागत नाही, कारण पाथ ट्रेसिंग चालू असताना ती कामं किरणच करतात. यूट्यूबवरच्या अर्ध्या 'बेस्ट सेटिंग्ज' व्हिडिओंमध्ये तरीही तेच स्लायडर खाली ओढतात!

खरा फरक दोन ठिकाणी पडतो. पहिलं ठिकाण म्हणजे डीएलएसएसचं मॉडेल. जानेवारी २०२५ च्या २.२१ पॅचपासून गेममध्ये जुनं सीएनएन आणि नवं ट्रान्सफॉर्मर यांपैकी एक निवडता येतं. ५४०पी मधून १०८०पी उभं करताना ट्रान्सफॉर्मरचं चित्र कितीतरी सरस दिसतं. लांबच्या जाळ्या, केबल, पाट्यांवरची अक्षरं जागच्या जागी राहतात. पण ३० सिरीजवर, विशेषतः किरणांच्या चित्रातला खरखरीतपणा काढणारं रे रिकन्स्ट्रक्शन चालू असताना, ते चार-पाच फ्रेम खातं. तिशीच्या काठावर बसलेल्याला चार-पाच फ्रेम म्हणजे फार झाल्या. दुसरं ठिकाण म्हणजे किरणांची संख्या. अल्ट्रा प्लस नावाचा मॉड किरण आणि उसळ्यांचा हिशोब हलका करतो. त्यातून वाचलेला वेळ मी ट्रान्सफॉर्मरवर खर्च केला आणि रिव्हाट्यूनरमध्ये ३० चं लॉक लावलं. आता बाजारातली सर्वात दाट गल्ली सोडली तर लॉक टिकतं.

तीस एफपीएसवर एक गोष्ट मात्र सुटत नाही, आणि ती फ्रेम काउंटरवर दिसत नाही. इतक्या थोड्या किरणांत चित्र स्वच्छ येतं, कारण गेम शेजारच्या पिक्सेलची आणि मागच्या फ्रेम्सची माहिती उसनी घेतो. ही उसनवारी फ्रेम्समध्ये मोजली जाते, सेकंदांत नाही. समजा प्रकाश बदलल्यावर चित्र स्थिर व्हायला आठ फ्रेम लागल्या, तर साठ एफपीएसवर ते सव्वाशे-दीडशे मिलिसेकंदांत उरकतं, तीसवर पाव सेकंदाहून जास्त लागतो. लुकलुकणारी निऑन पाटी असलेल्या बोळात उभं राहून बघा. पाटी विझते, पण समोरच्या ओल्या भिंतीवरचा गुलाबी उजेड क्षणभर मागे रेंगाळतो आणि मग विरतो. पाटी भराभर लुकलुकत असेल तर भिंत पूर्ण काळोखी होतच नाही. ज्याला हे खुपतं त्याने इथेच थांबून साधं रे ट्रेसिंग साठवर खेळावं. मला ते चालतं, कारण त्या बदल्यात गाडीखालची सावली, छपराखालचा अंधार आणि चेहऱ्यावर पडणारा दुकानाचा उजेड खरा वाटतो. पळत्या माणसांचे चेहरे पुसट होतात, हेही धरून चालायचं.

फ्रेम जनरेशनचं, म्हणजे दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये बनवलेली फ्रेम घुसवण्याचं विचाराल, तर तीसच्या पायावर ते बांधू नका. काउंटर वर जातो, पण माउस चिखलात फिरवल्यासारखा होतो. पाया निदान चाळीस-पन्नासचा हवा.

आता ४०६०. कागदावर ते पुढे आहे. ४० सिरीजमध्ये विस्कळीत किरणांचं काम पुन्हा रांगेत लावण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे, आणि सायबरपंक ती वापरतो. त्याच सेटिंगवर ते चाळीसच्या पुढे गेलं, फ्रेम जनरेशनसह सत्तरच्या जवळ. भाऊ खूश. अर्ध्या तासाने डॉगटाउनमध्ये शिरलो आणि गाडी पंधरावर आली. सेव्ह पुन्हा लोड केला की काही वेळ ठीक, मग परत तेच.

कारण व्हीरॅम. पाथ ट्रेसिंगसाठी आजूबाजूच्या जगाची भूमिती एका झाडासारख्या रचनेत, म्हणजे बीव्हीएचमध्ये, मेमरीत ठेवावी लागते. पडद्यावर न दिसणाऱ्या, पाठीमागच्या इमारतीसुद्धा, कारण किरण तिकडेही जातात. मागच्या फ्रेम्सची उसनी माहिती वेगळी, आणि फ्रेम जनरेशन आपला वाटा वेगळा मागतं. यातली अडचण अशी की डीएलएसएस खाली आणलं तर पिक्सेलशी बांधलेला भाग कमी होतो, बीव्हीएच आणि टेक्श्चर तसेच राहतात. म्हणजे वेग कमी पडला तर तडजोड करता येते, जागा कमी पडली तर तडजोडीला फारसा वाव नाही. माझ्या ३०६० वर गेम साडेआठ-नऊ जीबी घेऊन बसतो. ८ जीबीच्या कार्डात तेवढं मावणार नाही हे उघड आहे, त्यात विंडोज आणि ब्राउझरही थोडी जागा घेतात.

हे ओळखायचं कसं? आफ्टरबर्नरमध्ये जीपीयू वापर बघू नका, तो ९९ टक्केच दाखवतो. वॅट बघा. ४०६० ची मर्यादा ११५ वॅट आहे आणि पाथ ट्रेसिंगमध्ये ते तिथवर सहज जातं. एफपीएस कोसळला तेव्हा ते सत्तरच्या खाली आलं होतं, म्हणजे कार्ड काम करत नव्हतं, माल येण्याची वाट बघत होतं. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरी चढताना दिसते. बोर्डाचा मुद्दा इथे येतो. ४०६० ला आठच लेन आहेत आणि बी४५० वर त्या पीसीआयई ३ च्या वेगाने चालतात, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी २७२ जीबीने चालते. सांडलेला माल या बारीक नळीतून परत आणायचा म्हटल्यावर पंधरा एफपीएस येणारच. टेक्श्चर मीडियमवर, फ्रेम जनरेशन बंद आणि ब्राउझर बंद केल्यावर भावाचं कार्ड चाळीसवर स्थिर झालं. १२० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर ४० चं लॉक झकास बसतं, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश टिकते.

इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल हा याहून कडक परीक्षक निघाला. त्याचा पाया आयडी टेकचा आहे आणि हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय तो सुरूच होत नाही. साध्या मोडला २०६० सुपर पुरतं. फुल रे ट्रेसिंगला मात्र कंपनीने किमान ४०७० चं १२ जीबी आणि ३२ जीबी रॅम सांगितली आहे. १४४०पीला ४०८०, ४के ला ४०९०, आणि हे सगळं डीएलएसएसची मदत धरून. माझ्याकडे टेक्श्चर पूल खाली आणून, परफॉर्मन्सवर, व्हॅटिकनच्या आतल्या दालनांत विशीत चालला. जंगलात गेलो आणि वीसच्याही खाली. पानांचं गणित मुळातच महाग असतं. प्रत्येक पान म्हणजे भोकं असलेलं चौकोनी टेक्श्चर, आणि किरण भोकातून गेला की पानावर आपटला हे दर वेळी तपासावं लागतं. ४० सिरीजपासून हे काम बरंचसं हार्डवेअर उचलतं. ३०६० वर इथे व्हीरॅम शिल्लक असते पण दम संपतो. त्यामुळे हा गेम मी साध्या मोडमध्येच खेळतोय, आणि त्यात फार काही गमावल्यासारखं वाटत नाही, कारण परावर्तित प्रकाशाचं रे ट्रेसिंग त्यात कायम चालूच असतं. सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग बंद केलं की उणीव लगेच जाणवते.

सेकंडहँड बाजारात, म्हणजे लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन, कोणी या हौसेसाठी कार्ड शोधत असेल तर माझं मत सरळ आहे: त्याच किमतीत ८ जीबीचं ३०७० आणि १२ जीबीचं ३०६० समोर असतील तर ३०६० घ्या. बाकीच्या बहुतेक गेममध्ये ३०७० जिंकतं, पण इथे नाही.

६ जीबी किंवा ४ जीबीच्या लॅपटॉपवाल्यांनी सायबरपंकच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी २०१९ चा क्वेक टू आरटीएक्स आहे. पहिल्या काही लेव्हल फुकट मिळतात, भूमिती १९९७ ची असल्यामुळे बीव्हीएच चिमुकला असतो, आणि प्रकाश मात्र पूर्ण पाथ ट्रेस केलेला. रिझोल्यूशन आपोआप वर-खाली करण्याची सोयही आहे. ती चालू करून लक्ष्य ६० ठेवा आणि काचेच्या, पाण्याच्या जागा बघा.