टायटलमध्ये इमोजी टाकू का?

"आमच्या वेबसाइटच्या टायटलमध्ये इमोजी, & किंवा ★ टाकले तर गुगलवर फायदा होतो की उलट नुकसान?"

रँकिंगमध्ये काडीचाही फरक पडत नाही. इमोजीमुळे पान वर चढत नाही आणि खालीही घसरत नाही, हे गुगलच्या लोकांनीही सांगितलं आहे. फरक पडतो तो दिसण्यात, आणि तिथेही शेवटचा शब्द आपला नसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये गुगलने रिझल्टमधलं टायटल ठरवायची पद्धत बदलली. पानाचं टायटल पटलं नाही तर पानावरचा मोठा मथळा किंवा दुसरा मजकूर उचलून ते स्वतःच टायटल लावतं. त्या वर्षी गुगलनेच सांगितलं होतं, की साधारण ८७ टक्के वेळा पानाचंच टायटल वापरलं जातं. पण त्यातलंही सगळं जसंच्या तसं दिसेल असं नाही. इमोजी कधी दिसते, कधी गुपचूप गाळली जाते. ★★★★★ लावणाऱ्यांना तर मी थेट सांगते, की रिझल्टखाली दिसणारे खरे तारे पानाच्या कोडमध्ये दिलेल्या रिव्ह्यूच्या माहितीतून येतात. टायटलमधले तारे ही नुसती सजावट आहे, आणि गिऱ्हाइकाला ती फसवणूक वाटू शकते.

इमोजी दिसली तरी ती तुम्ही निवडलेलीच दिसेल असं नाही. तिचं चित्र वाचणाऱ्याच्या फोनमधल्या किंवा कंप्युटरमधल्या फॉन्टमधून येतं. स्वदेशी मालासाठी कुणी तिरंगा लावला, तर विंडोजवरच्या क्रोममध्ये झेंड्याच्या जागी IN ही दोन अक्षरं दिसतात. शिवाय टायटल कुठे कापायचं हे उपलब्ध रुंदीवर ठरतं. म्हणजे सुरुवातीच्या तीन इमोजींनी अडवलेली जागा शेवटच्या शब्दाच्या वाट्याची असते, आणि तो शब्द बहुतेक वेळा गावाचं नाव असतो!

खरा घोळ मला & मध्ये सापडतो. समजा, घरगुती ऑर्डर घेणाऱ्या एका ताईंच्या पानाचं टायटल 'पुरणपोळी & कटाची आमटी' असं आहे. एचटीएमएलमध्ये & हे खास चिन्ह असल्यामुळे कोडमध्ये ते असं लिहायचं असतं:

```html
<title>पुरणपोळी &amp; कटाची आमटी</title>
```

हे बरोबर आहे. ब्राउझर वाचताना त्याचं परत & करतो. पण अॅडमिनमध्ये टायटल सेव्ह होताना एकदा हे रूपांतर झालं, आणि पान तयार करताना थीमने तेच पुन्हा केलं, तर कोड असा होतो:

```html
<title>पुरणपोळी &amp;amp; कटाची आमटी</title>
```

ब्राउझर एकच पदर उलगडतो. मग टॅबवर आणि गुगलमध्येही चक्क 'पुरणपोळी &amp; कटाची आमटी' असं झळकतं. शोधायचं कसं? पान उघडून Ctrl+U दाबा आणि `<title` शोधा. `&amp;` एकदाच असेल तर ठीक. `&amp;amp;` असेल तर टायटल खोडून पुन्हा टाइप करण्यात अर्थ नाही, कारण थीम परत तेच करणार. दोनपैकी एका ठिकाणचं रूपांतर डेव्हलपरकडून बंद करून घ्या.

उलट, कोडमध्ये नुसताच & राहिला तर ब्राउझर तो चालवून घेतो, पण तेच टायटल फीडमध्ये, म्हणजे दुसऱ्या साइट आणि अॅप आपोआप वाचतात त्या यादीच्या फाइलमध्ये, गेलं की पंचाईत होते. फीड एक्सएमएलमध्ये असते आणि एक्सएमएलला असले लाड चालत नाहीत. एका & पायी `xmlParseEntityRef: no name` असा एरर येऊन अख्खी फाइल नाकारली जाऊ शकते. व्हॉट्सअॅपवर शेअर करायच्या `wa.me/?text=` लिंकमध्ये तर & म्हणजे 'मजकूर संपला'. तिथे & च्या जागी `%26` लागतं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या मेसेजमध्ये नुसती पुरणपोळी उरते आणि आमटी गायब. म्हणून मी सरळ 'आणि' किंवा 'व' लिहायला सांगते. & ठेवावा तो दुकानाच्या नावातच असेल तेव्हा. ₹ मात्र खुशाल वापरा, त्याला काहीतरी अर्थ असतो.

आता यातला मराठीपुरता भाग. हे सगळं वाचून कुणीतरी टायटलमधली 'स्पेशल कॅरेक्टर्स' एकदम साफ करणारं प्लगइन लावतं. आई, बाबा आणि मुलगी अशी कुटुंबाची इमोजी ही खरं तर तीन इमोजी U+200D या न दिसणाऱ्या चिन्हाने जोडून बनलेली असते. प्लगइन ते चिन्हही उडवतं. पण काही मराठी कीबोर्ड 'करणार्‍या'मधला र लिहायला तेच चिन्ह वापरतात. ते गेलं की 'पुरणपोळी करणार्‍या ताई'चं 'पुरणपोळी करणार्या ताई' होतं, म्हणजे र चा रफार होऊन या च्या डोक्यावर बसतो. टायटलमध्ये असा रफार दिसला तर आधी प्लगइन बंद करा आणि तो शब्द नुक्ता असलेल्या ऱ ने, म्हणजे ऱ, ् आणि या अशा क्रमाने पुन्हा टाइप करा. त्यात U+200D लागतच नाही.