खालीतला ‘ट’

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर दोन पानं लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं. शाळेने पुष्कळ दिलं. पण खरं सांगायचं तर माझ्यापुरती शाळा म्हणजे जिन्याखालची संगीताची खोली आणि तबल्याचे सर. बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये. गणित-इंग्रजीबद्दल लिहायला आमच्या १९८४ च्या बॅचमध्ये हुशार मंडळी आहेत, ती लिहितीलच.

सरांचं नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. नारायण पेठेतून सायकलवर येणारे, पांढरा झब्बा, खिशात चुन्याची डबी आणि कॅरिअरला बांधलेली हातोडी, एवढं सांगितलं की ज्याला कळायचं त्याला कळलं. सकाळी सहाला शिपाईमामा दार उघडायचे. सर त्याआधीच पायरीवर बसलेले असत. उशिरा येणाऱ्याला ते रागवत नसत. त्या दिवशी त्याला डग्ग्याला हात लावू देत नसत, एवढंच. शिक्षा कळायला दोन दिवस लागायचे आणि मग कोणी उशीर करत नसे.

पाचवीचं वर्ष ‘ना’ आणि ‘तिं’ यांत गेलं. ‘ना’ चाटेवर, म्हणजे तबल्यावरच्या चामड्याच्या पुडीच्या कडेच्या पट्टीवर, तर्जनीने. बोट पडलं की लगेच उचलायचं, नाहीतर आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मरते. अनामिका मधल्या काळ्या गोलाच्या, शाईच्या, कडेला नुसती टेकलेली हवी, दाबलेली नको. हे सगळं सरांनी एकदाच सांगितलं. पुढे फक्त “आस” एवढा एक शब्द. सहावीत पहिला कायदा, म्हणजे पलटे करत वाढवायची बोलांची रचना, मिळाला, दिल्ली घराण्याचा, सगळ्या जगाला येतो तोच:

धा धा ति ट | धा धा तू ना
ता ता ति ट | धा धा धी ना

तीनतालाच्या सोळा मात्रांत नेमका बसतो. पहिल्या ओळीत डाव्या हाताचा डग्गा बोलतो ती भरी. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या अर्ध्यात तो गप्प होतो ती खाली, आणि शेवटच्या चार मात्रांत परत येतो. ‘ति’ मधल्या बोटाने, ‘ट’ तर्जनीने, दोन्ही शाईवर. ऐकायला आठवडाभराचं काम. आम्ही तो दीड वर्ष वाजवला. पलटे मिळाले, पण तेही त्याच अक्षरांचे: धा धा ति ट दोनदा, मग तीनदा, मग तूना. परीक्षा देणारी दुसऱ्या क्लासची मुलं तेवढ्यात सहा-सात कायदे, दोन रेले आणि तुकडे पाठ करून प्रवेशिका पूर्ण होत होती. आमच्या आईला त्याची फार चिंता. सर म्हणाले, “वहिनी, त्यांच्याकडे सामान जास्त आहे. ह्याच्याकडे आवाज येईल.”

आम्ही वाजवताना सर समोर बसत नसत. बाहेर व्हरांड्यात कोणाच्या तरी वह्या तपासत, नाहीतर शिपाईमामांशी बोलत. आणि मधेच तिकडून आवाज यायचा, “खालीतला ट!” पुन्हा पहिल्यापासून. मला वर्षभर कळत नव्हतं की भिंतीपलीकडून ह्यांना हेच अक्षर कसं ऐकू येतं. नंतर उलगडा झाला. भरीत डग्ग्याची घुमक मागे असते, तिच्यात अर्धा-कच्चा ‘ट’ खपून जातो. खालीत ती घुमक काढून घेतली की तो उघडा पडतो. तर्जनी आळशी असेल तर ‘ति’ स्पष्ट आणि ‘ट’ नुसता थपकन. आजही माझ्याकडे नवा मुलगा आला की मी त्याची भरी ऐकतच नाही.

एक आठवण लिहितो, तशी क्षुल्लक आहे. सातवीतला श्रावण, बाहेर झिमझिम. शाळेची ती काळी चारची जोडी पावसाळ्यात हमखास उतरायची; दमट हवेत पुडी सैल पडते, ‘ना’ बसका होतो. मी तसाच वाजवत होतो आणि आवाज निघेना म्हणून जोर लावत होतो. सर आत आले आणि माझं मनगट दोन बोटांत धरून नुसते थांबले. म्हणाले, “हे काय आहे? लाकूड? वाद्य उतरलंय त्याची शिक्षा हाताला कशाला?” मग हातोडी काढली. गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामडी वेणीवर, वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. गजऱ्याच्या सोळा भागांपैकी एका घरावर ठोकल्यावर समोरच्या घरावर ठोकायचं. सोळाही घरांत ‘ना’ एक आला की झालं. एवढ्याने भागलं नाही तरच वादीखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवायचे. त्या दिवशी सगळा तास मी फक्त सूर मिळवत होतो. शेवटी पेटीच्या सुराशी तबला लागला तेव्हा पहिल्या तासाची घंटा झाली. वाजवणं काही झालंच नाही. सर खूश होते.

तबल्याचे उस्ताद थिरकवाँ खाँसाहेबांचं नाव ते कानाची पाळी धरून घेत. खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते. सरांच्या गुरूंनी त्यांना नाट्यगृहात ऐकलेलं. सर सांगत की गुरूंना आठवत होता तो वेग नव्हे, एकेक अक्षर वेगळं ऐकू येत होतं हे.

दहावी झाली, शाळा सुटली, सर सुटले नाहीत. कॉलेजची वर्षं मी रोज पहाटे त्यांच्या घरी जात होतो. काकू चहा ठेवून परत झोपायच्या. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मी स्वतःहून चिल्ल्याचा हट्ट धरला. चाळीस दिवस, एकांत, पडेल तेवढा रियाज, जुन्या उस्तादांच्या गोष्टींतून डोक्यात भरलेलं. सर आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, “करायचं तर अर्धवट नको.” सकाळी चार तास, संध्याकाळी तीन. तिट, तिरकिट आणि शेवटी तळहात घासून वाजवायचा धिरधिर. लयीसाठी मागे फिरत राहणाऱ्या सुरावटीची, लेहऱ्याची, कॅसेट संपली की उलटायची आणि पुन्हा.

पहिला पंधरवडा हात असा काही चालला की मला वाटलं आता मागे वळून बघायला नको. मग संध्याकाळी कोपरापासून मनगटापर्यंत एक जळजळ सुरू झाली. दुखलं म्हणजे हात तयार होतोय, हे तेव्हा सगळेच सांगत. पुढे चमत्कारिक गोष्ट झाली. वेग कमी होईना, पण विलंबितात वाजवायला घेतलं की तर्जनी थरथरायची. जलदमध्ये हाताची ताठरता लपते, सावकाश वाजवताना लपत नाही. दुसरी खूण करंगळीची, ती हवेत ताठ उभी राहायला लागली होती. तिसरी म्हणजे वाजवणं थांबवल्यावर हात मांडीवर सैल पडायला हवा, तो पडत नव्हता. आणि सगळ्यात आधी गेला होता खालीतला ‘ट’. सर आता समोर बसून ऐकत असत. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

चाळीस दिवस पुरे झाले. त्यानंतर एका सकाळी कपबशी उचलताना बशी सुटली. डॉक्टरांनी स्नायूच्या दोऱ्यांना सूज आहे म्हणून सांगितलं, पट्टा दिला, विश्रांती. सूज महिन्या-दीड महिन्यात उतरली. पण तबल्याच्या खोलीत जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. पंख्याच्या आवाजात लेहरा ऐकू यायचा आणि तो बंद व्हावा म्हणून मी पंखा बंद करायचो, मे महिन्यात. आमच्या घरात ह्याला काही नाव नव्हतं. बाबा म्हणाले, कंटाळा आलाय, बँकेच्या परीक्षा दे. दिल्या. नोकरी लागली. जोडी खोळीत गेली.

लोक मला म्हणतात, तुझ्या सरांनीच तुला संपवलं होतं. मला हे मान्य नाही. जो माणूस दीड वर्ष एका कायद्यावर थांबवतो तो घाई शिकवत नाही. सरांच्या काळी शिष्य थकतो ही गोष्टच कोणी मोजत नव्हतं. त्यांच्या गुरूंनी त्यांना पहाटे तीनला उठवलेलं. असो.

बऱ्याच महिन्यांनी सर एका रविवारी आमच्या घरी आले. तबल्याचा विषय नाही, पोहे खाल्ले, बाबांशी बँकेच्या गप्पा. निघताना चप्पल घालत म्हणाले, “हात लावू नकोस. पढंत करत जा. बसमध्ये सुद्धा येते.” पढंत म्हणजे तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने टाळी-खाली दाखवायची. डेक्कन ते शिवाजीनगर मी तोच दिल्लीचा कायदा पुटपुटत जायचो. तोंडाला ताठरता येत नाही. आणि म्हणताना कळलं की माझा ‘ट’ डोक्यातच घाईत होता, ‘ति’ला चिकटून येत होता, बोट बिचारं तेच करत होतं. पावसाळा संपल्यावर जोडी काढली. सरांचा हुकूम होता, फक्त ठेका. विलंबित एकताल, दहा मिनिटं, हात गरम होण्याआधी उठायचं. कायदा मागायचा नाही. दहाची पंधरा व्हायला हिवाळा उजाडला.

म्हणून मी सोलोवादक झालो नाही. साथीदार झालो, ख्याल आणि नाट्यगीतं, आणि गवई मला बोलावतात ते ठेक्यासाठी. विलंबित एकतालात दोन मात्रांमधली जागा रिकामी सोडायला धीर लागतो. सवाईला गेलो की मी अजून गवयापेक्षा तेच ऐकत बसतो. कोथरूडला क्लास आहे, पाच विद्यार्थी विशारद झाले. दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, हा माझ्याकडचा पहिला नियम आहे, आणि हा नियम सरांचा नव्हे.

जिन्याखालच्या खोलीत आता कॉम्प्युटरच्या जुन्या पेट्या आहेत, परवा पाहून आलो. तबल्याचा तास आठवड्यातून एक, तोही ऑफ पिरियडला. पंचवीस-तीस मुलं आणि एक जोडी. ह्याबद्दल विश्वस्तांशी बोललो, ‘बघू’ म्हणाले.

तोपर्यंत माझी काळी चारची एक जोडी शाळेला देतो आहे. पुडी नवी बसवून घेतली आहे, वादी जुनीच पण चांगली आहे. तबला खिडकीजवळ ठेवू नये. पावसाळ्यात वापरून झाला की खोळ घालावी. उतरला तर जोरात वाजवू नये, हातोडी सोबत दिली आहे.