आगाऊ पैसे भरूनही थकबाकीदार

ज्या भागधारकांनी शेअरच्या शेवटच्या कॉलचे, म्हणजे कंपनीने मागितलेल्या शेवटच्या हप्त्याचे, पैसे वर्षभर आधी भरले होते, त्यांनाच कंपनीने थकबाकीची नोटीस पाठवली, आणि तरीही कंपनीची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, पैशापैशाने जुळत होती. हे प्रकरण निस्तरून बरेच दिवस झाले, पण ही दुसरी गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आमच्या फोर्टमधील ऑफिसकडे या कंपनीचे लेखापरीक्षण आहे. कंपनीने दहा रुपये दर्शनी किमतीचे २,००,००० शेअर दिले होते. अर्ज आणि वाटपाचे मिळून पाच रुपये, पहिला कॉल दोन रुपयांचा आणि शेवटचा तीन रुपयांचा होता. १५,००० शेअर असलेल्या काही भागधारकांनी वाटपाच्या रकमेसोबतच, म्हणजे गेल्या वर्षीच्या १ जुलैला, दोन्ही कॉलचे ७५,००० रुपये भरून टाकले. पहिला कॉल १ ऑक्टोबरला देय झाला तेव्हा त्यातील ३०,००० रुपये रीतसर वळते झाले आणि बारा टक्क्यांनी तीन महिन्यांचे ९०० रुपये व्याजही भागधारकांना मिळाले. उरलेले ४५,००० रुपये ‘आगाऊ कॉल’ खात्याच्या जमा बाजूला राहिले.

शेवटचा कॉल यंदा १ जुलैला देय होता. त्यानंतर काही दिवसांनी मी कंपनीच्या ऑफिसात काम करत असताना दादरचे एक निवृत्त शिक्षक नोटीस घेऊन आले. दोन हजार शेअरचे सहा हजार रुपये दहा टक्के व्याजासह भरावेत, अन्यथा शेअर जप्त होतील, असे तिच्यात लिहिले होते. “मॅडम, पैसे मी गेल्या वर्षीच भरलेत. ही बघा पावती,” असे म्हणून त्यांनी शांतपणे पावती पुढे केली. वस्तुतः कंपनीच त्यांना वर्षाच्या व्याजाचे ७२० रुपये देणे लागत होती.

मी खतावणी उघडली. मागणीची नोंद बरोबर होती: फायनल कॉल खाते नावे आणि शेअर भांडवल खाते जमा, ६,००,००० रुपये. बँकेत ५,५२,००० रुपये आले होते. हिशेबनिसाने बँकेचे विवरण आणि सभासदांची यादी शेजारी ठेवून, ज्याचे नाव विवरणात नाही तो थकबाकीदार, असा सरळ निष्कर्ष काढला होता. म्हणून उरलेले सगळे ४८,००० रुपये ‘थकीत कॉल’ खात्याच्या नावे पडले. नावे आणि जमा समान असल्यामुळे तेरीज जुळली आणि पुढे कोणी पाहिलेच नाही. तेरीज जुळली की हिशेब बरोबर, ही समजूत मला आमच्या व्यवसायातली सर्वांत घातक वाटते.

खूण मात्र समोरच होती. ‘थकीत कॉल’ खात्यात ४८,००० रुपये नावे आणि ‘आगाऊ कॉल’ खात्यात ४५,००० रुपये जमा, अशा दोन्ही बाकी शेवटच्या कॉलनंतर एकदम दिसत होत्या. शेवटचा कॉल देय झाल्यावर आगाऊ जमा घ्यायला पुढचा कॉलच उरत नाही, त्यामुळे ते खाते शून्यावर यायलाच हवे. योग्य नोंद अशी होती: बँक ५,५२,००० नावे, आगाऊ कॉल ४५,००० नावे, थकीत कॉल ३,००० नावे, आणि फायनल कॉल खाते ६,००,००० जमा. खरी थकबाकी फक्त एक हजार शेअरची निघाली. आगाऊ रकमेची सभासदवार यादी ठेवलेली असती तर चुकीची एकही नोटीस गेली नसती. खतावणीत मात्र एकच ठोक आकडा होता.

व्याजावरून संचालकांशी मतभेद झाला. संचालक मंडळाचा ठराव जून महिन्यात झाल्यामुळे व्याज तिथेच थांबते, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने आपल्या नियमावलीत २०१३च्या कंपनी कायद्यातील ‘टेबल एफ’ या नमुना नियमावलीतला आगाऊ कॉलचा नियम स्वीकारला आहे आणि त्यानुसार, आगाऊ भरले नसते तर ती रक्कम ज्या दिवशी देय झाली असती, त्या दिवसापर्यंत ठरलेले व्याज द्यायचे असते. ठरावाने फक्त मागणी होते. पैसे देय होतात ते नोटिशीत दिलेल्या तारखेला. ही रक्कम कॉल होईपर्यंत भांडवलात धरली जात नाही, तिच्यावर लाभांश मिळत नाही, मतदानाचा हक्कही मिळत नाही. भागधारकाच्या वाट्याला येते ते केवळ व्याज, आणि तेही छाटणे मला मान्य नव्हते.

म्हणून १ जुलै ते ३० जून अशा बारा महिन्यांचे ५,४०० रुपये निघाले. त्यातले ४,०५० रुपये ३१ मार्चपर्यंतच्या नऊ महिन्यांचे असूनही त्यांची तरतूद केलेली नव्हती. सुदैवाने त्या वर्षाचे हिशेब अजून संचालक मंडळापुढे गेले नव्हते, त्यामुळे ३१ मार्चच्या तारखेने आगाऊ कॉलवरील व्याज खाते नावे आणि देय व्याज खाते जमा, अशी नोंद करता आली. नव्या वर्षात उरलेल्या १,३५० रुपयांची तशीच नोंद झाली आणि देय व्याज खाते ५,४०० रुपयांनी नावे करून बँकेतून ते चुकते केले.

संचालकांनी नोटिसा मागे घेणारे पत्र काढले. त्यात चूक संगणकाची असल्याचे वाक्य होते. ते वगळावे, असे मी आग्रहाने सांगितले, आणि ते वगळले गेले.