हेडसरांचं स्वागताचं भाषण

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हटलं तर मला आठवतं ते आपल्या हेडसरांचं स्पोर्ट्स डेचं भाषण, आणि तेही एकाच वर्षाचं. बाकीच्या वर्षी प्रमुख पाहुणे, पालकवर्ग, शिक्षकवृंद असं सगळ्यांचं स्वागत व्हायचं आणि आम्ही मार्च पास्ट संपवून उन्हात सावधानमध्ये उभे. डिसेंबर असला तरी गोव्यातलं दहाचं ऊन ते, एखादं पोर चक्कर येऊन पडायचंच.

त्या वर्षी सरांनी माईक घेतला आणि आधी आम्हाला खाली बसवलं. पाहुण्यांचं स्वागत दोन वाक्यांत उरकलं आणि थेट पालकांकडे वळले. कारण दरवर्षी दोनशे मीटर सुरू व्हायच्या आधी मांडवातून ओरडा व्हायचा, "ताका इतलो फुडें कित्याक उबो केला?" बाहेरच्या लेनमधला पोरगा पुढे उभा दिसला की लोकांना वाटायचं मास्तरांनी आपल्या माणसाला पुढे ठेवला.

मग सरांनी काय केलं, नववीतले दोन मुलगे उठवले, एकाला पहिल्या लेनमध्ये आणि दुसऱ्याला चौथ्या लेनमध्ये, एका रेषेत उभं केलं आणि सारख्याच वेगाने वळणावरून चालायला सांगितलं. वळण संपलं तेव्हा बाहेरचा चांगलाच मागे पडला होता. लोक हसले, पण बघत होते. सर म्हणाले, सरळ भाग सगळ्यांना सारखाच, फरक पडतो तो वळणावर. दोनशे मीटर म्हणजे आपल्या मैदानाची एक पूर्ण फेरी, तिच्यातली दोन वळणं मिळून एक पूर्ण गोल होतो, आपली लेन एक मीटर रुंद, म्हणजे प्रत्येक बाहेरच्या लेनचा गोल गणितातल्या 'पाय'च्या दुप्पट, साधारण 6.28 मीटरने मोठा. चौथ्या लेनचा मुलगा तीन लेन बाहेर, म्हणून तो जवळजवळ 19 मीटर पुढे. मैदान केवढंही असो, एका फेरीचा हा आकडा लेनच्या रुंदीवरच ठरतो, मोठ्या स्टेडियमवर लेन 1.22 मीटरची असते तिथे तो वाढतो. शंभर मीटर सरळ रेषेत, तिथे सगळे एकाच रेघेवर. हे सगळं बोलून सरांनी स्पर्धा सुरू झाल्याचं जाहीर केलं. पाय हा प्रकार मला खरा कळला तो त्या दिवशी, गणिताच्या तासाला नाही (गणिताच्या बाईंनी माफ करावं).

त्या वर्षी दोनशेला कोणी ओरडलं नाही. पण आठशेला गंमत झाली. त्यात फक्त पहिलं वळण संपेपर्यंत आपापल्या लेनमध्ये धावायचं, मग सगळ्यांनी आत यायचं, म्हणून चौथ्या लेनचा मुलगा साडेनऊ मीटरच्या आसपासच पुढे उभा होता. लगेच मांडवातून एक बापूस उभा राहिला, "सर, तुम्ही तर एकोणीस म्हणाला होता, ह्याला निम्मंच कसं?" आणि सरांना परत माईक घ्यावा लागला.